नाडीपट्टीचे अनुभव : तुमचं काय जुळलं?

शेवंती
माळा आवरताना बाबांची २००३ची कॅसेट सापडली, तमिळनाडूतल्या वैदीश्वरन कोइलची. तिथे अगस्त्य ऋषींनी लिहून ठेवल्या म्हणतात त्या ताडपत्राच्या पट्ट्यांतून तुमची शोधून भविष्य वाचतात. 'अंगठ्याच्या ठशावरून आजोबांचं नाव निघालं' हे घरात वीस वर्षं ऐकतेय. काल पहिल्यांदा पूर्ण ऐकली. देवाचं नाव? बाबा : हो. विष्णूचं? नाही. शंकराचं? हो. चार अक्षरी? हो. शेवटी 'व'? हो. मधे दुसऱ्याच गप्पा, आणि दहा मिनिटांनी वाचक गाऊन सांगतो, "पित्याचं नाव सदाशिव." बाबा रडतायत. तिथे बंद केली. तुमचे अनुभव लिहा.

घाटमाथा
हो-नाहीचे वीसच प्रश्न धरले तरी दहा लाखांवर वाटा फुटतात. शिवाय 'नाही' आलं की 'ही पट्टी तुमची नव्हे' म्हणून पुढची काढायची, म्हणजे चूक कुठे मोजलीच जात नाही. कागदावर दोन रकाने करा : माहिती काय, आणि ती आधी कोण बोललं. मग बघा उरतं काय.

पमाकाकू
आमच्या वैद्यांनी नाडी धरून पित्त अचूक सांगितलं हो! प्रश्न एकही नाही.

घाटमाथा
काकू, ती नाडी वेगळी 😄

तुषार_ना
सोप्पंय, पट्टीची कार्बन चाचणी करा. जुनी निघाली की खरी.

घाटमाथा
त्यातून ताडपत्राचं वय कळेल. अक्षरं कधी कोरली ते नाही, जुन्या कोऱ्या पानावरही कोरता येतं. त्यापेक्षा 'हीच तुमची' म्हणाले की तिथल्या तिथे फोटो घ्या आणि जुनी तमिळ लिपी येणाऱ्या तिसऱ्याच माणसाला द्या, तुमचं नाव न सांगता. तरी भानगड आहेच. तमिळमध्ये क आणि ग एकाच अक्षरात, ताडपत्रावर बरेचदा टिंबंही नसतात. नाव आधीच माहीत असलं की ते 'दिसायला' लागतं.

मृण्मयी
मी फोटो मागितला, नाही म्हणाले. पण आईचं नाव मी बोलले नव्हते, तरी आलं. आता बोला.

घाटमाथा
नंबर लावताना काय दिलं होतंस? सोबत कोण होतं?

मृण्मयी
फक्त माझं नाव. मावशी होती बाहेर बाकावर. ती कोणाशी बोलली असेल तर... माहीत नाही. ती बोलल्याशिवाय राहत नाही हे खरं.

रानवारा
माझी पट्टीच सापडली नाही. सहा महिन्यांनी या म्हणाले. अगस्त्यांनी मला वगळलं 😂 बायकोची मिळाली, वर उपाय सांगणाऱ्या शांती कांडाचा वेगळा खर्च. कुकर झाला, येतो.

शेवंती
बाबांना हे ऐकवू का? ८१ वर्षांचे आहेत.

पमाकाकू
नको ग. बाकी टेपरेकॉर्डर अजून चालतो तुमचा? आमच्याचा पट्टा तुटलाय, कुठे मिळेल?