जागा ‘राखली’, ‘धरली’ की ‘अडवली’?

मोगरा: एक छोटी कथा लिहिते आहे. सकाळची कल्याण-सीएसएमटी जलद लोकल, बायकांचा डबा. नायिका डोंबिवलीला चढते. कल्याणहून बसून आलेली एक बाई रोज तिच्यासाठी शेजारी पिशवी ठेवते आणि ती आली की पिशवी मांडीवर घेते. दोघींनी एकमेकींचं नावही विचारलेलं नाही. माझं वाक्य असं: ‘तिनं आजही निमूटपणे जागा राखली होती.’ नवरा म्हणतो ‘राखली’ पुस्तकी आहे, ‘अडवली’ लिही. काय करू?

शब्दवेडा: ‘अडवली’ नको. पाणी अडवतात, रस्ता अडवतात, म्हणजे कुणाची तरी वाट बंद होते. उभं राहावं लागलेल्या बाईला विचाराल तर ती ‘अडवली’ म्हणेल आणि तिचं खरंच आहे. नायिकेच्या बाजूनं मात्र जागा ‘धरलेली’ असते. राखणं म्हणजे पहारा, शेत राखतात तसा. शिवाय ‘राखीव जागा’ म्हटलं की मन थेट निवडणुकीत जातं.

वऱ्हाडी: एवढं काय त्यात? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचा, जागा आपली. बाईच्या हाती रुमाल द्या.

शब्दवेडा: रुमाल टाकतो तो बाहेर उभा असलेला माणूस. ही बाई आधीच आत बसली आहे. आणि हल्ली ‘रुमाल टाकून ठेवतो’ हे थट्टेत स्वतःचा हक्क सांगायला वापरतात. कथेत ते भलत्याच ठिकाणी हसवेल.

उभा प्रवासी: पास प्रवासाचा असतो, जागेचा नव्हे. पिशव्या ठेवून जागा धरणाऱ्यांचं कौतुक कसलं करता? मी रोज ठाण्यापासून उभा येतो.

मोगरा: कौतुक नाही हो, क्रियापद विचारते आहे.

डोंबिवलीकर: क्रियापद नंतर, आधी डबा नीट बघा. सकाळी जागा मिळावी म्हणून आमच्या डोंबिवलीची माणसं आधी उलटी कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. अशा गाडीत डोंबिवलीपर्यंत पिशवी सीटवर राहील? प्रत्येक जण विचारणार, ‘इथे कोणी आहे का?’ बाईला दर वेळी ‘येतेय’ म्हणावंच लागेल. म्हणजे नायिकेशी ती बोलत नसली तरी सगळ्या डब्याशी तिच्यासाठी भांडते आहे. मला तर कथा तिथेच दिसते, पण तुम्ही तिला गप्प ठेवलंय.

आता पुढचं. बायकांच्या डब्यात जागेचा व्यवहार तोंडीच चालतो. ‘कुठे उतरणार?’ विचारायचं, ती घाटकोपर म्हणाली की तिची सीट आपण सांगून ठेवायची. नंतर आलेलीला उत्तर मिळतं, ‘सांगितलेली आहे.’ न बोलता जमू शकते ती फक्त चौथी सीट. बाक तिघींचा, चौथी कडेला अर्धी टेकते. त्यासाठी एरवी ‘जरा सरकून घ्या’ म्हणावं लागतं. ही बाई न सांगता सरकते एवढंच दाखवा. मग ‘धरली’ही नको, ‘जागा करून दिली’.

शब्दवेडा: हे मान्य, पण अर्धंच. ‘जागा करून दिली’मध्ये नायिका समोर आल्यावरची कृती आहे. ‘धरली’मध्ये ती येण्याआधीची वाट पाहणं आहे. मोगराताईंना ते हवं असेल तर ‘धरली’ सोडू नका.
आणि ‘निमूटपणे’ काढाच. बोलणी खाल्लेलं पोर निमूटपणे जेवतं, त्यात मान खाली घालणं आहे. इथे बाई कुणाचं ऐकून घेत नाही, स्वतःच्या मर्जीनं करते.

वऱ्हाडी: मग ‘अबोला’? अबोला धरला अन् जागाही धरली. एकाच क्रियापदात काम!

शब्दवेडा: ऐकायला झकास, पण अबोल्याला आधी ओळख लागते आणि मग रुसवा. या दोघींत अजून काहीच झालेलं नाही. साधं ‘काही न बोलता’ पुरे.

मोगरा: चौथ्या सीटचं पटलं, पिशवी काढून टाकते. असं लिहिलं तर? ‘तिला दारात बघताच ती काही न बोलता सरकली.’ ‘दारात बघताच’मध्ये वाट पाहणं येतं असं मला वाटतं. ‘जागा’ हा शब्दच लागत नाही.

शब्दवेडा: पहिल्याच उल्लेखाला ‘सरकून जागा केली’ हवं. नुसतं ‘सरकली’ लोकल न पाहिलेल्या वाचकाला कळणार नाही.

वऱ्हाडी: मी नागपूरचा, मला कळलं.

डोंबिवलीकर: एक अडचण राहिलीच. बाई कडेला, म्हणजे तिसरी बसली असेल तर ती एकटी सरकून भागत नाही. खिडकीतली आणि मधली, दोघींनी आधी आत सरकायला हवं. त्यांना ती कोपर लावते की नुसतं बघते? आणि त्या दोघी रोज का ऐकतात?

मोगरा: त्या दोघी माझ्या कथेत अजून नाहीतच.