अनुभव धागा : ऑफिसातली सामायिक वस्तू कोणी स्वतःची समजून वापरत असेल, तर तुम्ही ते कसं बोललात?

कपाशीचं_बोंड
काल लेकीचा फोन आला. नोकरीला लागून तीनच महिने झालेत तिला. म्हणाली, "आई, एक जण मीटिंगची खोली रोज दोन-दोन तास अडवून बसतो. बोलले तर मीच कोत्या मनाची दिसेन." तेव्हापासून मला आमच्या शाळेतला प्रिंटर आठवतोय.

दारव्हा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी लिपिक होते. सगळ्या शाळेत एकच प्रिंटर, माझ्या टेबलाशेजारी. टोनरच्या खोक्यावर सुमारे १५०० पानं लिहिलेली असत आणि शाळेच्या किरकोळ खर्चाच्या सादिल अनुदानातून वर्षाला दोन टोनर मिळाले तरी नशीब. दहावीची हॉलतिकिटं शाळेनंच बोर्डाच्या साईटवरून उतरवून छापायची, वर मुख्याध्यापकांची सही-शिक्का, आणि मुलांकडून छपाईचा पैसा घ्यायचा नाही. त्या वर्षी ११२ मुलं होती. चाळीसएक हॉलतिकिटं निघाली आणि पुढची पानं पांढुरकी यायला लागली. मुलांचे फोटो ओळखू येईनात. टोनर महिन्याभरापूर्वीच घातलेला.

एक सर रोज संध्याकाळी थांबून प्रिंट काढत, हे मला दिसत होतं. मी भर स्टाफरूममध्ये म्हटलं, "सर, टोनर काही फुकट येत नाही." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सरांनी काही न बोलता अर्धा डबा तसाच बंद केला आणि उठून गेले. पुढे सतरा दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

जे आधी करायचं ते मी नंतर केलं. प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पेज काढलं की आतापर्यंतची एकूण पानं त्यावर येतात. टोनर बदलते त्या दिवशी तो आकडा खोक्यावर लिहून ठेवायची मला सवय होती. फरक निघाला १३८०. परीक्षेचं काम, जावक, पगाराची शालार्थ बिलं मिळून माझा हिशेब ६२० च्या आसपास लागला. राहिली ७६० पानं. मग सरांना व्हरांड्यात एकटं गाठलं आणि विचारलं, "सर, टोनरची मागणी लिहायची आहे. संध्याकाळी कोणकोणतं काम निघतं ते सांगाल का?"

सरांनी कपाटातून पिशवी काढली. मतदार याद्या, अर्ज, दुरुस्त्यांचे कागद. त्यांना बीएलओचं, म्हणजे निवडणुकीच्या मतदार यादीचं काम लागलेलं आणि मुख्याध्यापकांनी "शाळेतूनच काढा" असं तोंडी सांगितलेलं. पाचशेच्या वर पानं ती. उरलेल्या अडीचशेबद्दल ते स्वतःच म्हणाले, "ते माझ्या पोराच्या नोट्सचे हायेत. तेवढे माझे." मी चोर ठरवलेल्या माणसाची दोन तृतीयांश पानं सरकारी कामाची होती. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे मुख्याध्यापकांच्या सहीनं तहसीलला पत्र गेलं, त्यात हे आकडे होते. महिन्याभरानं एक टोनर आणि कागदाचे दोन रिम आले. प्रिंटरजवळ एक वही टांगली : तारीख, काम, पानं. नावाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. पहिली नोंद माझीच केली, "लेकीचा जातीच्या दाखल्याचा अर्ज, ४ पानं, कागद घरचा."

तुमच्याकडे कसं झालं, लिहा.

मास्तर_अठ्ठावन्न
ताई, बीएलओचं दुखणं मी दोन निवडणुका भोगलं. शाळेचं काम वेगळं, हे वेगळं, अन् कागद मात्र एकाच रिममधला. तुमच्या सरांच्या जागी मीच हाय असं वाटलं वाचून. अर्धा डबा बंद केला ते वाचून गलबललं.

संत्रा_बाग
आमच्या इथं हाच वांधा विहिरीचा. सातबाऱ्यावर दोघा भावाईची विहीर, निम्मा-निम्मा हिस्सा. रातची लाईन माझ्या पाळीत अन् दिवसाची त्याच्या, मोटर मात्र त्याची दोन्हीकडं चालू. बोललो तं वहिनी म्हणते पाण्यासाठी भांडता काय. मृग बहाराच्या झाडाचा तान तोडाले पाणी पाहिजे, आता काय करू?

कपाशीचं_बोंड
@संत्रा_बाग भाऊ, धागा ऑफिसच्या वस्तूंचा आहे, पण तुमचंही तेच दुखणं. पाळी कागदावर लिहिली आहे का?

संत्रा_बाग
नाही ना. बाबा होते तवा तोंडीच ठरलं होतं.

गावचा_संगणकवाला
प्रिंटरवाल्यांनो, वही कायले पाहिजे? प्रिंटरच्या चिन्हावर दोनदा क्लिक करा, रांग उघडते. कोणी काय काढलं ते सगळं तिथं दिसते.

खिडकीतला_बाबू
@गावचा_संगणकवाला अर्धं बरोबर आहे, भाऊ. पान छापून झालं की ते रांगेतून निघून जातं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिथं काही उरत नाही. मागचं पाहायचं असेल तर विंडोजच्या Event Viewer मध्ये हे शोधावं लागतं :

```
Microsoft-Windows-PrintService/Operational
```

हा लॉग मुळात बंद असतो. उजवी क्लिक करून Enable Log केलं की त्या दिवसापासून नोंद होते, आधीची मिळत नाही. Event ID 307 मध्ये वापरकर्ता, फाईलचं नाव आणि पानं येतात. फाईलचं नाव काही वेळा दिसत नाही, ती सोय वेगळी चालू करावी लागते. एका फाईलच्या दहा प्रती काढल्या तर इथला आकडा कमी दिसू शकतो, म्हणून प्रिंटरच्या स्वतःच्या आकड्याशी ताडून बघा.

पण शाळा-ग्रामपंचायतीत सगळे एकाच लॉगिननं बसतात. तिथं वापरकर्त्याच्या जागी प्रत्येक वेळी Admin येईल, म्हणजे माणूस कळणारच नाही. आणि मी स्वतः एकदा हा लॉग काढला तेव्हा एका सहकाऱ्याच्या बायकोच्या तपासणीच्या रिपोर्टचं नाव समोर आलं. मी ती खिडकी बंद केली. तेव्हापासून लॉग एकूण पानांसाठी बघतो, माणसासाठी नाही.

गावचा_संगणकवाला
हे माहीत नव्हतं. आज दुकानात लावून पाहतो.

सिस्टरताई_पीएचसी
ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. आमच्याकडे आयएलआर, म्हणजे लसी ठेवायचा फ्रीज. मे महिना, बाहेर ४५ अंश, लाईटची ये-जा. कोणीतरी त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवायला लागलं. एकदा तर आंबरसाचा डबा निघाला! त्यात लसीशिवाय काहीच ठेवायचं नसतं, तापमान २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे आणि दिवसातून दोनदा ते लिहायचं. झाकण सारखं उघडलं आणि गरम बाटली आत गेली की काटा वर सरकतो.

मी कोणाचं नाव घेतलं नाही. सकाळचा आकडा ४, दुपारचा ९. तो तक्ता तसाच उचलून सकाळच्या बैठकीत डॉक्टरांपुढे ठेवला आणि म्हटलं, "सर, दुपारी ९ का आला याचं कारण मला रजिस्टरला लिहायचंय. काय लिहू?" खोलीत चिडीचूप. त्याच दिवशी बाटल्या निघाल्या. संध्याकाळी ड्रायव्हर दादा आले आणि म्हणाले, "सिस्टर, म्याच ठेवत होतो, लस खराब होते हे ठाऊक नव्हतं." मग आम्ही वर्गणी काढून माठ आणला.

मास्तर_अठ्ठावन्न
माठ आणला हे लय चांगलं केलं. थंड पाणी तं त्यालेही पाहिजेच होतं.

सिस्टरताई_पीएचसी
हो ना. ४५ मध्ये दिवसभर गाडी चालवतो बिचारा. पेशंट आला, येते.

नवीन_रुजू
मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत आहे, आर्वीकडे. आमचं सामायिक फोल्डर ड्राईव्हवर. एका दादांनी त्यात भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ टाकले. आता मॅडमचा मेल भरला, नवीन मेल येईना. पंधरा जीबी त्यांनीच भरून टाकले ना? सगळ्यांच्या ग्रुपवर टाकू का?

खिडकीतला_बाबू
@नवीन_रुजू थांबा, ग्रुपवर टाकू नका. साध्या जीमेल खात्याच्या सामायिक फोल्डरमध्ये ज्यानं फाईल चढवली, त्याचीच जागा भरते, फोल्डर ज्याचा आहे त्याची नाही. दादांनी स्वतःच्या खात्यावरून टाकले असतील तर जागा त्यांची गेली. मॅडमची कशानं भरली ते आधी बघा. मेल, फोटो आणि ड्राईव्ह तिन्ही मिळून ते १५ जीबी असतात, बहुतेकदा फोनमधले फोटो निघतात. व्हिडिओवर क्लिक करून तपशिलात Owner कोण आहे ते वाचा.

नवीन_रुजू
पाहिलं. Owner मॅडमच आहेत! दादांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून टाकले, तिथं मॅडमचंच खातं उघडं असतं.

खिडकीतला_बाबू
मग तुमचं म्हणणं बरोबर निघालं. पण चूक उघड्या खात्याची जास्त आहे. दादांना म्हणा, "व्हिडिओ तुमच्या पेन ड्राईव्हमध्ये काढून देतो, मग इथून हटवू का?" आधी उतरवून घ्या, ते उघडतात का पाहा आणि मगच हटवा. हटवल्यावरही Trash रिकामा करेपर्यंत जागा मोकळी होत नाही.

नवीन_रुजू
असंच विचारलं. दादा म्हणाले, "अरे बाप्पा, मले वाटलं हे कंपनीचं असते, कितीबी टाका." पेन ड्राईव्ह आणायला घरी गेलेत.

वर्धेकर_काकू
सगळं वाचलं, पण माझं मत वेगळं आहे. वहीत नावाचा रकाना नसेल तर ती वही कशाला? आमच्या पतसंस्थेत काम लिहायची वही होती. सगळे "ऑफिस काम" एवढंच लिहीत. दोन महिन्यांत वही बंद.

कपाशीचं_बोंड
@वर्धेकर_काकू काकू, आमच्याकडेही तसं व्हायला लागलं होतं. म्हणून महिन्याच्या शेवटी मी वहीची बेरीज आणि प्रिंटरचा आकडा एका ओळीत लिहून वरच लावायची. पहिल्या महिन्यात १९० पानांचा फरक होता, तिसऱ्यात ३०. नाव ठेवलं असतं तर लोकांनी मी जेवायला गेले की प्रिंट काढले असते, असं मला वाटतं. पण आमचा स्टाफ चौदा जणांचा. तुमच्याकडे जास्त माणसं असतील तर हे चालेल की नाही, सांगता येत नाही.

वर्धेकर_काकू
आम्ही एकतीस. चौदांत माणूस फरकानंच ओळखू येतो गं, तिथं नाव लिहायची गरजच नाही. एकतीसात नाही कळत.

गावचा_संगणकवाला
टोनर पांढुरका आला तं काढून आडवा धरून हळूहळू हलवा, अजून काही पानं निघतात. हॉलतिकिटाच्या रात्री तेवढंच कामाचं.

कपाशीचं_बोंड
त्या रात्री तेच केलं भाऊ. आणखी तेवीस निघाली. बाकीची सकाळी तालुक्याहून काढून आणली, तिथवर जाऊन कागद घेऊन येणारे तेच सर होते. माझ्याशी न बोलता गठ्ठा टेबलावर ठेवला.

मास्तर_अठ्ठावन्न
हे पहिल्यांदा काहून नाही लिहिलं ताई?

कपाशीचं_बोंड
लिहवलं नाही.

पैनगंगा_काठ
मले एक विचारायचं हाय. वापर करणाराच साहेब असला तं? आमच्या इथं मीटिंगची खोली साहेबाच्या पाहुण्याईले झोपायले असते. बचतगटाच्या बाया पायरीवर बसून हिशेब लिहितात. आकडा कोणाले दाखवू?

सिस्टरताई_पीएचसी
परत आले. तारीख-वार लिहून ठेवा, बाया किती वेळ बाहेर बसल्या तेही. साहेबांना "पाहुणे का" असं विचारू नका. "बुधवारी ११ ते १ खोली गटासाठी धरून ठेवू का" असं विचारा, आणि शक्य तर लेखी.

वर्धेकर_काकू
लेखी दिलं की बदली होते, हेही सांगा तिला.

पैनगंगा_काठ
मी कंत्राटी हाय. बदली नाही होत, ऑर्डरच संपते.

कपाशीचं_बोंड
@पैनगंगा_काठ मग तुम्ही एकटीनं देऊ नका. गटाच्या बायांचा अर्ज असू द्या, त्यांच्या सह्या-अंगठ्यानं, फक्त बुधवारच्या दोन तासांचा. पाहुण्यांचा उल्लेखच नको. होईल की नाही ते मला माहीत नाही. बुधवारी काय झालं ते इथं लिहा, मी बघत राहीन.