आजीचा फोटो तिप्पट करायचाय: बायक्युबिक की लँक्झोस?

उंबरठा: आजी-आजोबांचा एकत्र असा एकच फोटो उरलाय, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आलेला. 400×600 पिक्सेल. 4×6 इंची छापायला 1200×1800 हवा, म्हणजे बरोब्बर तिप्पट. आजोबांची पांढरी टोपी काळपट पडद्यापुढे आहे आणि आजीच्या नऊवारीवर बारीक रेघा आहेत. बायक्युबिक वापरू की लँक्झोस? मावसभाऊ म्हणतो, डोळे झाकून लँक्झोस.

झुंजार: भाऊ बरोबर बोलतोय. बायक्युबिक एकेका नव्या पिक्सेलसाठी आजूबाजूचे 4×4 म्हणजे 16 पिक्सेल बघतो, लँक्झोस 6×6 म्हणजे 36. जास्त माहिती, जास्त तपशील. विषय संपला.

दुर्बीण: 16 आणि 36 हे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. 36 पिक्सेल बघितले तरी फोटोत नसलेलं काही त्यातून येत नाही. फरक पडतो तो शेजाऱ्यांना वजन कसं दिलं जातं त्यामुळे. दोन्ही पद्धतींत काही शेजाऱ्यांचं वजन उणे असतं, आणि सगळी भानगड तिथे आहे.

टोपीची कड घ्या. उजळपणात पडदा 50, टोपी 200 असं धरू. तिप्पट केल्यावर कडेलगतच्या पडद्यावर काय होतं ते मी वहीवर मांडून बघितलं. टोपीच्या दिशेने जाताना पिक्सेल असे येतात:

```
BICUBIC (a = -0.5) : 50 50 50 44 39 50 | 94 156
LANCZOS (a = 3)    : 52 55 50 38 33 50 | 95 155
```

आधी उभ्या रेघेच्या पलीकडे बघा. 94 आणि 95, नंतर 156 आणि 155. कड दोघांचीही जवळजवळ तितकीच उभी आहे. लँक्झोस 'शार्प' वाटतो, कारण कडेच्या अलीकडे तो पडदा 33 पर्यंत बुडवतो आणि पलीकडे टोपी तितकीच वर उचलतो. शिवाय त्याच्याही अलीकडे 55 ची एक फिकट लाट आहे, बायक्युबिकमध्ये ती नाहीच. टोपीभोवती काळी रेघ आणि तिच्या बाहेर पुसट उजळ रेघ दिसली, तर समजा लँक्झोस वापरलाय.

झुंजार: म्हणजे लँक्झोस वाईट? मग लोक वापरतात कशाला?

दुर्बीण: वाईट कुठे म्हटलं? आता नऊवारीकडे या. समजा मूळ फोटोत रेघा दर तीन पिक्सेलांनी परत येतात: 130, 40, 40, 130, 40, 40. रेघ खरोखर सलग लाटेसारखी असेल, तर दोन 40 च्या मधल्या नव्या पिक्सेलांवर साधारण 14 यायला हवं. लँक्झोस 18 देतो, बायक्युबिक 30. म्हणजे बायक्युबिकने साडी धुतल्यासारखी फिकी केली. ज्या उणे वजनांनी टोपीला काळी कड काढली, तीच इथे रेघेचा खोलपणा वाचवतात. केस, विणकाम, चटईची वीण, लांबवरची पानं, असलं बारीक आणि सतत काही असेल तिथे मी लँक्झोस घेतो. सपाट पार्श्वभूमीवर एकटी ठळक कड असेल तर बायक्युबिक.

नंदिनी_क: माझा अनुभव उलटा आहे. दुकानाच्या वेबसाइटसाठी मी रोज दागिन्यांचे 4000 पिक्सेलचे फोटो 800 वर आणते. लँक्झोसच स्वच्छ येतो, काळी कड वगैरे कधीच दिसली नाही.

दुर्बीण: ताई, तुम्ही लहान करताय, ते मोठं करतायत. लहान करताना कडेची लाट बनली तरी एक-दोन पिक्सेलांत मिटते. मोठं करताना तीच लाट तिप्पट रुंद होऊन समोर येते.

शाईवाला: माझं प्रिंटिंगचं दुकान आहे, पंधरा वर्षं झाली. हे सगळं स्क्रीनवर 400 टक्के झूम करून बघणाऱ्यांचं दुखणं. ती काळी रेघ दोन पिक्सेलांची ना? 300 डीपीआयला दोन पिक्सेल म्हणजे 0.17 मिलिमीटर. हातात धरलेल्या 4×6 प्रिंटवर ती शोधून दाखवा, चहा माझ्याकडून. काहीही वापरा आणि छापा.

दुर्बीण: रेघेपुरता चहा मी पाजतो, हरलो. पण फोटो व्हॉट्सअ‍ॅपचा आहे, हे विसरलात. जेपेगचे चौकोन 8×8 पिक्सेलांचे असतात, तिप्पट केल्यावर 24. तुमच्याच हिशोबाने ते दोन मिलिमीटर, आणि ते प्रिंटवर दिसतात. पडद्यासारख्या सपाट भागात या चौकोनांच्या कडा असतात आणि टोपीभोवती जेपेगची स्वतःची मुरमुऱ्यांसारखी खळबळही. लँक्झोसला ती खळबळ आणि साडीची रेघ यांतला फरक कळत नाही, तो दोन्ही तितक्याच निष्ठेने उचलतो. म्हणून खराब जेपेगवर मऊ पद्धत बरी.

शाईवाला: ते चौकोन बायक्युबिकमध्येही दिसतात. आधी हलका डीनॉइज मारा, मग हा वादच उरत नाही.

दुर्बीण: दिसतात, थोडे कमी. आणि डीनॉइज जोरात मारलात तर साडीच्या रेघाही जातील. मग लँक्झोसने वाचवायचं काय?

पायथॉनवाडी: मध्येच एक. 'बायक्युबिक' एकच नसतो, उणे वजनं किती हे त्यातला a नावाचा आकडा ठरवतो. वरचे आकडे a = -0.5 चे आहेत, पायथॉनच्या पिलो लायब्ररीत तोच आहे. ओपनसीव्हीच्या `INTER_CUBIC` मध्ये -0.75 आहे. त्याने हाच हिशोब केला तर पडद्यावर 42, 33 येतं. म्हणजे लँक्झोसइतकंच खोल, फक्त ती बाहेरची उजळ लाट नाही. तुमचा बायक्युबिक कुठला हे विचारल्याशिवाय भांडू नका. दोन्ही करून बघायला एवढं पुरे:

```python
from PIL import Image
im = Image.open("aaji.jpg")
R = Image.Resampling
im.resize((1200, 1800), R.BICUBIC).save("bi.png")
im.resize((1200, 1800), R.LANCZOS).save("la.png")
```

पीएनजीतच ठेवा, परत जेपेग करून नव्या चौकोनांची भर नको.

आणि इमेजमॅजिकमध्ये मोठं करताना, काही सांगितलं नाही तर, मिचेल फिल्टर लागतो. तोही क्युबिकच, पण याहून मऊ. 1988 साली तो मांडणाऱ्या दोघांपैकी अरुण नेत्रावली आपल्या आयआयटी मुंबईचे. काळी कड सगळ्यात कमी हवी असेल तर `-filter Mitchell`.

उंबरठा: केलं. दोन्ही फायली एकावर एक ठेवून चालू-बंद करून बघितल्या. टोपीभोवती काळी रेघ लँक्झोसमध्ये स्पष्ट आहे, एकदा दिसली की नजर तिथेच जाते. पडद्यावरचे चौकोन दोन्हीकडे आहेत, शाईवाल्यांचं खरं आहे. पण साडीच्या रेघा लँक्झोसमध्येच मोजता येतात. आता बायक्युबिक खाली, लँक्झोस वर ठेवून फक्त साडीपुरता मास्क लावलाय.

झुंजार: एका फोटोत दोन पद्धती? सांधा दिसेल.

दुर्बीण: दोन्हींची मापं एक, पिक्सेल जागच्या जागी. मास्कची कड आठ-दहा पिक्सेल मऊ ठेवा. पदर जिथे पडद्याला टेकतो तिथे मास्क साडीच्या आतच थांबवा, नाहीतर तीच काळी रेघ पदराला येईल.

शाईवाला: एवढं करून छापायला माझ्याकडेच या. दोन्ही छापून शेजारी ठेवू. तुम्हाला फरक कळला तर एकाचे पैसे घेणार नाही.

उंबरठा: मॅट की ग्लॉसी?

शाईवाला: मॅट. ग्लॉसीवर चौकोन जास्त दिसतात.

पायथॉनवाडी: मग मॅटवर साडीच्या रेघाही कमी दिसतील की.