उत्तर: बॅटरी भरल्यावर सोलर का सुटतं?

> ‘सांगलीत आमच्या कॉलेजात रविवारी दुपारी लाईट गेली की सोलर थोड्या थोड्या वेळाने बंद-चालू होतं. बॅटरी भरलेली असते. जनरेटर लावावा का?’

दुपारी जनरेटर अजिबात नको. वीज आधीच जास्त झालीय, त्यात जनरेटर उलटी वीज खाऊन ट्रिप होईल.

समजा लोड 40 किलोवॅट, सोलर 70. ग्रिडचा ब्रेकर उघडला की फ्रिक्वेन्सी बॅटरीचा इन्व्हर्टर धरतो आणि जादा 30 बॅटरीत जातात. ती भरत आली की कंट्रोलर मुद्दाम फ्रिक्वेन्सी वाढवतो, म्हणजे सोलरने हात आखडावा. तुमचे सोलर इन्व्हर्टर बहुधा ग्रिडच्या सेटिंगवरच आहेत. ते 50.5 हर्ट्झला एकदम सुटतात, फ्रिक्वेन्सी खाली येते, मग ठरलेला वेळ थांबून सगळे पुन्हा येतात. लॉग काढा, करवतीचे दात दिसतील.

उत्पादकाकडून आयलँड मोडची, म्हणजे ग्रिड नसतानाची, सेटिंग करून घ्या: 50.2 हर्ट्झपासून सोलरची कपात सुरू, 51.5 ला शून्य. मग सोलर 40 वर येतं तेव्हा फ्रिक्वेन्सी साधारण 50.76 वर स्थिरावते. मात्र ग्रिडला जोडलेलं असताना 50.5 ची मर्यादा तशीच हवी.

ग्रिड परतली तरी सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या विजेचा ताल, जुळल्याशिवाय ब्रेकर लागणार नाही. त्याआधी कंट्रोलरने फ्रिक्वेन्सी खाली आणायला हवी. हे इन्स्टॉलर हमखास विसरतात.

जनरेटर बॅटरी उतरल्यावर, रात्री.