महिना ५०० रुपये गुंतवून खरोखर काही हाती लागते का?

नवखी_बार्शी
नमस्कार. मी बार्शीत एका औषधाच्या दुकानात काम करते. पगार १३,५०० रुपये असून तो महिन्याच्या ७ ते १२ तारखेच्या दरम्यान, मालकांच्या सवडीने हातात पडतो. घरात पैसे देऊन आणि मोबाइलचा हप्ता फेडून माझ्याकडे ५०० रुपये उरतात. मैत्रीण एसआयपी सुरू कर म्हणते, म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बँक खात्यातून ठरावीक रक्कम आपोआप म्युच्युअल फंडात जाते. भाऊ म्हणतो, पाचशेने काय होणार, पगार वाढल्यावर बघ. एवढी लहान रक्कम गुंतवण्यात काही अर्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावे. पाचशेच्या वर मला जमणार नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

मुक्काम_मस्कत
ताई, मी २०१४ मध्ये २,००० रुपयांनी सुरुवात केली आणि आज माझे महिन्याला २५,००० रुपये जातात. माझे मत असे की किमान ३,००० रुपयांनी सुरुवात करावी, म्हणजे आकडा डोळ्यांना दिसू लागतो. मोबाइलचा हप्ता संपला की हे सहज जमेल.

काटकसरे_काका
मस्कतकरांनी प्रश्न वाचलेला दिसत नाही. बाळ, ५०० रुपये पुष्कळ झाले. बारा टक्क्यांनी ३० वर्षांत त्याचे साडेसतरा लाख होतात, आणि भरलेले मुद्दल असते फक्त १,८०,०००. बारा टक्के तर मिळतातच, त्यामुळे विचार करत बसू नकोस.

हिशेबनीस_सांगली
काकांचा गुणाकार बरोबर आहे, पण "मिळतातच" हा शब्द त्यांनी मागे घ्यावा. शेअर बाजारावर चालणाऱ्या फंडात बारा टक्के हे गृहीत धरलेले असतात, कोणी कबूल केलेले नसतात. शिवाय नवख्या माणसाची परीक्षा तिसाव्या वर्षी होत नाही, पहिल्याच वर्षी होते, म्हणून मी तेवढ्याच वर्षाचा हिशेब मांडतो.

महिना ५०० प्रमाणे वर्षाला ६,००० रुपये भरले आणि बारा टक्क्यांनी वाढ झाली, तर वर्षअखेर साधारण ६,४०० रुपये होतात, म्हणजे नफा ४०० रुपयांचा. आता समजा, एसआयपीची तारीख ५ आहे, पगार १० तारखेला आला आणि खात्यात २१० रुपये होते. हप्ता परत जातो. फंड कंपनी त्याबद्दल काही आकारत नाही, पण बँक आकारते. हा दंड प्रत्येक बँकेत वेगळा असतो. तो ५०० रुपये असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये कापले जातात आणि वर्षभराचा नफा एका चुकलेल्या तारखेत जाऊन वर १९० रुपयांची खोट येते. महिना २५,००० भरणाऱ्याला हाच दंड जाणवतही नाही.

टक्क्यांत लागणारा खर्च लहान गुंतवणूकदाराला मारत नाही. एसआयपीवरील मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के आहे, म्हणजे ५०० रुपयांवर अडीच पैसे. मारतो तो ठरावीक रुपयांत लागणारा खर्च. म्हणून एसआयपी करायचीच असेल, तर तारीख १५ किंवा त्यापुढची निवडावी आणि खात्यात एका हप्त्याइतकी रक्कम कायम जास्तीची ठेवावी. सलग तीन महिने हप्ता परत गेला की एसआयपी आपोआप रद्द होते.

रोज_नवा_दंड
हा अनुभव माझा आहे आणि अजून विसरलेलो नाही. १,००० रुपयांच्या दोन एसआयपी होत्या आणि दोन्हींची तारीख एकच होती. एका महिन्यात दोन्ही परत गेल्या आणि बँकेने दोन्हींचा दंड वेगवेगळा कापला. पासबुकात ती ओळ इतक्या बारीक अक्षरांत होती की तीन महिन्यांनी कळले. तेव्हापासून मी घरातल्या डब्यात पैसे ठेवतो आणि मला कोणी शहाणपण शिकवू नये.

तेजीवाला
पाचशे रुपयांत चांगल्या कंपनीचा एखादा शेअर दर महिन्याला घेता येतो, मग फंडाची गरज काय? डीमॅट खाते उघडा आणि स्वतः निवडा. मी गेल्या वर्षी असेच केले आणि आनंदात आहे.

हिशेबनीस_सांगली
ताईंनी शेअरबद्दल विचारलेले नाही, पण मुद्दा तोच येतो. बहुतेक दलालांकडे शेअर विकताना डीमॅटमधून काढण्याचा आकार लागतो, आणि एक शेअर विका की शंभर, तो ठरावीक रुपयांतच असतो. म्युच्युअल फंडासाठी डीमॅट खाते मुळात लागतच नाही.

तेजीवाला
पण माझ्या खात्याला वार्षिक शुल्क लागलेले नाही.

हिशेबनीस_सांगली
ते छोटे डीमॅट खाते असणार. चार लाखांपर्यंतच्या मूल्यावर त्याला वार्षिक शुल्क नाही. विकताना लागणारा आकार त्याहून वेगळा. तुम्ही अजून विकलेले दिसत नाही.

अन्नपूर्णा_लातूर
आमच्या गल्लीत ५०० रुपयांची भिशी आहे. मला तिसऱ्याच महिन्यात रक्कम मिळाली आणि शिलाई यंत्र घेतले. व्याज नाही, पण तारीख चुकली तर दंडही नाही, शेजारीण दोन दिवस थांबते.

काटकसरे_काका
आणि पहिल्या महिन्यात रक्कम उचललेली शेजारीण गाव सोडून गेली तर? आमच्याकडे झाले आहे.

नवखी_बार्शी
सर्वांचे आभार. हिशेबनीस दादा, भावाचे म्हणणे मग बरोबर आहे का? दोन वर्षे थांबून पुढे जास्त भरले तर किती फरक पडेल?

हिशेबनीस_सांगली
रकमेपुरते बोलायचे तर तो फारसा चुकीचा नाही. दोन वर्षांत १२,००० रुपये भरून बारा टक्क्यांनी साधारण १३,६०० रुपये होतील. पुढे महिना ५,००० भरू लागलात, तर ही रक्कम तीन महिन्यांत गाठाल. फरक इतकाच की मधल्या काळात दवाखान्याचा खर्च उद्भवला, तर तेरा हजार जवळ असतील की नसतील. बाजार पडलेला असेल तर फंडातले तेरा हजार नऊ-दहाही झालेले असू शकतात, हेही धरून चालावे.

मुक्काम_मस्कत
म्हणूनच म्हणतो, ३,००० करा.

नवखी_बार्शी
मी पोस्टात चौकशी करून आले आणि आवर्ती ठेव उघडली, म्हणजे पाच वर्षांची आरडी. व्याज सध्या ६.७ टक्के आहे. दरमहा ५०० प्रमाणे ३०,००० भरून शेवटी साधारण ३५,७०० रुपये मिळतील. आपल्यापैकी बहुतेकांना हे आवडणार नाही, ठाऊक आहे.

पण दादा, तुमचा हिशेब वाचूनच मी तिकडे वळले. तिथे हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड आहे, म्हणजे मला पाच रुपये. खाते १५ तारखेनंतर उघडले की हप्ता महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत भरता येतो, म्हणून मुद्दाम २० तारखेपर्यंत थांबले. मालकांनी पगार कितीही लांबवला तरी अडचण नाही.

काटकसरे_काका
फंडात बारा टक्क्यांनी पाच वर्षांत ४१,००० झाले असते, बाळ. आणि महागाई?

हिशेबनीस_सांगली
काका, "मिळतातच" पुन्हा आले. ताई, दोन गोष्टी. चार हप्ते चुकले की खाते बंद पडते आणि ते दोन महिन्यांच्या आत पुन्हा सुरू करून घ्यावे लागते. तीन वर्षांआधी मोडता येत नाही आणि त्यानंतर मुदतीपूर्वी मोडलेत, तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळते. वर्षभर हप्ते भरल्यावर मात्र जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. आणि हप्ता एजंटबाईंकडे देणार असाल, तर दर महिन्याला पासबुकावर नोंद झाली का, ते स्वतः पाहत जा. कमिशन त्यांना सरकार देते, तुम्ही वेगळे काही देऊ नका.

नवखी_बार्शी
एजंटबाई दुकानात खोकल्याचे औषध घ्यायला येतात, त्यांच्याकडेच देणार होते. आता पासबुक माझ्याच पर्समध्ये ठेवीन.