उपलब्धता १/२ का येत नाही?

> यंत्र सरासरी ५० तास चालतं, दुरुस्तीला सरासरी २ तास. दोन्ही अवस्था आलटूनपालटून येतात, मग उपलब्धता १/२ का नाही?

१/२ हे अवस्थांच्या संख्येचं प्रमाण झालं, वेळेचं नव्हे; उपलब्धता म्हणजे एकूण वेळेपैकी यंत्र चालू असलेल्या वेळेचा वाटा. बिघाडाचा दर λ = १/५० = ०.०२ आणि दुरुस्तीचा μ = १/२ = ०.५ प्रतितास. दीर्घकाळात चालू→बंद आणि बंद→चालू हे प्रवाह सारखे असतात, म्हणून उपलब्धता A धरली तर λA = μ(1−A). त्यावरून A = μ/(λ+μ) = ०.५/०.५२ ≈ ०.९६१५.

कालावधी घातांकी असतील आणि सुरुवातीला यंत्र चालू असेल तर t तासांनी ते चालू असण्याची संभाव्यता A + (1−A)e^(−(λ+μ)t). इथे λ+μ = ०.५२, त्यामुळे साधारण ८-९ तासांत सुरुवातीचा प्रभाव जवळजवळ पुसला जातो. A मात्र फक्त सरासरींवर ठरते. कालावधी घातांकी नसले, पण चालू-बंदच्या फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तरी ५०/५२ हेच उत्तर येईल.