वहिनीला ३४वा आठवडा, डोकं दुखायचं थांबत नाही, अंगठी निघत नाही. आजच नेऊ की सोमवारी?

ऐरोलीची_नणंद, सकाळी ९:१०
कालपासून वहिनीचं डोकं दुखतंय, पॅरासिटामॉलनेही थांबलं नाही. आज चेहरा सुजलाय आणि साखरपुड्याची अंगठी साबण लावूनही निघेना. उजव्या बरगडीखाली दुखतंय, ती म्हणते अ‍ॅसिडिटी आहे. आईचं म्हणणं, आठव्या महिन्यात सूज येतेच. तपासणी सोमवारी आहे. दादा रात्रपाळी करून झोपलाय. काय करू?

कोपरीचे_काका, ९:१६
पायाला सूज बहुतेकींना येते, घाबरू नका. डाव्या कुशीवर झोपवा, मीठ बंद करा. घरात बीपीचं मशीन असेल तर मात्र बघाच.

सिस्टर_कळवा, ९:२१
काका, संध्याकाळी पाय सुजणं वेगळं आणि सकाळी उठल्यावर चेहरा-हात सुजलेले असणं वेगळं. मीठ बंद करून हे बरं होत नाही. ताई, सोमवारची वाट बघू नका. न थांबणारी डोकेदुखी आणि बरगडीखालचं दुखणं एकत्र आलं की आधी बीपीची शंका घ्यायची. ते दुखणं पोटातल्या आम्लाचं नसून यकृतावर ताण आल्याचं असू शकतं, म्हणून जेलुसिल देत बसू नका. डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? बाळ नेहमीसारखं हलतंय का?

घणसोलीची_आई, ९:२५
माझं पाणी सातव्या महिन्यात गेलं होतं, मी लघवीच समजले आणि एक दिवस घालवला. वहिनींना पाणी जातंय का?

ऐरोलीची_नणंद, ९:३८
पाणी नाही, रक्त नाही. बाळ हलतंय. पण सकाळपासून धूसर दिसतंय म्हणते, मला आत्ता सांगितलं! शेजारच्या आजोबांच्या मशीनवर १५२/१०० आलं. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, १५६/१०४. आजोबा म्हणतात, त्यांची अर्धी गोळी द्या.

सिस्टर_कळवा, ९:४०
त्यांची गोळी अजिबात देऊ नका. आत्ता निघा. दादाला उठवा. फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट घ्या. गाडी नसेल तर १०८ लावा. जिथे लगेच सिझेरियन होतं आणि लहान बाळाला ठेवायची सोय आहे अशाच ठिकाणी न्या, जवळचा दवाखाना म्हणून तिथे नेऊ नका. वाटेत झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. आईंना सांगा, रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी झाली तरी असंच, त्याच दिवशी.

ऐरोलीची_नणंद, दुपारी १:०५
पोचलो. तिथे १६४/११० होतं, लघवीत प्रथिनं सापडली. झटका येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन चालू केलंय. आई गप्प बसून आहे. डॉक्टर म्हणतात, रक्ताचे रिपोर्ट आल्यावर डिलिव्हरीचं ठरवू. ३४ आठवड्यांचं बाळ चालेल का?

सिस्टर_कळवा, १:२०
बरीच बाळं नीट होतात, काहींना काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. थांबायचं की नाही हे प्लेटलेट आणि यकृताच्या रिपोर्टवर ठरेल, मी इथून सांगणार नाही. डिलिव्हरीनंतरही बीपी पुन्हा चढू शकतं, म्हणून घरी गेल्यावर डोकं दुखलं तर परत आणा.

घणसोलीची_आई, १:३२
रिपोर्ट आले की कळवा.